कामा रेषा आडव्या बाजारात मंदावते, मग सिग्नल का थांबत नाहीत?

जालना_सुहास

नमस्कार मंडळी. मी रोजच्या चार्टवर कॉफमन यांची अ‍ॅडाप्टिव्ह मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे कामा, लावतो. सेटिंग नेहमीचंच आहे, १०, २, ३०. नियमही साधा ठेवलाय: क्लोज रेषेच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं.

ही सरासरी निवडली ती एवढ्यासाठीच की बाजार आडवा झाला की ती आपोआप मंद होते, असं सगळीकडे वाचलं होतं. आता एक शेअर बरेच दिवस ४९८ ते ५०९ च्या पट्ट्यात फिरतोय. रेषा खरोखरच मंद झाली, जवळपास सपाट दिसते. पण सिग्नल थांबायच्या ऐवजी वाढलेत. जवळजवळ रोज घ्या, विका, घ्या, विका. त्याच काळात २० दिवसांच्या साध्या सरासरीनेही एवढा त्रास दिला नाही.

सेटिंग चुकतंय की नियम? दुसरं म्हणजे, एक्सेलमध्ये मी स्वतः काढलेली कामा आणि ब्रोकरच्या चार्टवरची कामा यांत दीड-दोन रुपयांचा फरक येतो. तो कुठून येत असेल?

परळी_विजय

सुहासभाऊ, मी हे इंडिकेटर बऱ्याच दिवसांपासून वापरायलोय. कामा व्होलॅटिलिटी मोजते. चढ-उतार वाढले की ती मंद होते, बाजार शांत झाला की वेगात चालते. तुमच्या शेअरमध्ये चढ-उतार कमी असतील, म्हणून ती पुरेशी मंद झाली नाही. स्लोचा आकडा ३० चा ५० करा. ३० म्हणजे सगळ्यात मंद असताना ती ३० दिवसांच्या ईएमएसारखी चालते, ५० केलं की ५० दिवसांच्या. सिग्नल निम्म्याने कमी होतील.

गोदातीर_नांदेड

विजय, तुमच्या उत्तरातला एक भाग बरोबर आहे. स्लोचा आकडा वाढवला की रेषा मंद होते, हे खरं. पण बाकी दोन गोष्टी तशा नाहीत, आणि सुहास यांची अडचण नेमकी त्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कामा व्होलॅटिलिटी मोजत नाही. ती एफिशिअन्सी रेशो मोजते, त्याला ईआर म्हणू. गेल्या १० दिवसांत भाव पहिल्या ठिकाणापासून शेवटी किती सरकला हा आकडा वर, आणि त्या १० दिवसांत रोजच्या हालचाली मिळून तो एकूण किती चालला हा आकडा खाली. जालन्याच्या बस स्टँडवरून निघालेला माणूस सरळ मोंढ्यात पोचला तर ईआर १. तेवढाच वेळ गल्ल्यागल्ल्यांतून फिरून परत स्टँडवरच आला तर ईआर ०. माणूस भरभर चालतोय की हळू, याचा ईआरशी संबंध नाही. शेअर रोज तीन-तीन टक्के वर जात असेल तर व्होलॅटिलिटी प्रचंड असते, पण ईआर १ च्या जवळ असतो आणि कामा सगळ्यात वेगात पळते. उलट रोज फक्त पाच पैसे वर-खाली होणारा शांत शेअर ईआर शून्यावर आणतो.

आता सुहास यांच्या पट्ट्यातले आकडे घेऊ. समजा क्लोज असे आहेत: ५०० पासून सुरुवात, मग ५०६, ४९९, ५०५, ४९८, ५०३, ५०९, ५०२, ५०७, ५००, ५०३. भाव शेवटी सरकला फक्त ३ रुपये. रोजच्या हालचालींची बेरीज, चिन्ह सोडून, ५९ रुपये. ईआर झाला ३ भागिले ५९, म्हणजे ०.०५१.

या ईआरवरून वेग ठरतो. फास्ट २ चा अर्थ २/३, म्हणजे ०.६६६७. स्लो ३० चा अर्थ २/३१, म्हणजे ०.०६४५. ईआर या दोन टोकांच्या मधली जागा निवडतो, आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा असतो. हा वर्ग बरेच जण विसरतात.

```
SC   = (ER × (2/3 − 2/31) + 2/31)²
KAMA = कालची KAMA + SC × (आजचा क्लोज − कालची KAMA)
```

०.०५१ टाकून बघा. कंसातला आकडा येतो ०.०९५ आणि त्याचा वर्ग ०.००९. म्हणजे क्लोज रेषेपासून ७ रुपये वर गेला तरी रेषा त्या दिवशी सहा पैसे हलणार. वर्ग केला नसता तर ती ६७ पैसे हलली असती.

आता ‘३० म्हणजे ३० दिवसांची ईएमए’ या समजाकडे येऊ. ईआर पूर्ण ० असेल तर वेग ०.०६४५ चा वर्ग, म्हणजे ०.००४२ इतका राहतो. या वेगाने चालणारी ईएमए साधारण ४८० दिवसांची असते. वरच्या टोकाला ०.६६६७ चा वर्ग ०.४४४, म्हणजे साडेतीन दिवसांची. तेव्हा सुहास यांची रेषा पुरेशी मंद झालेलीच आहे. तिच्या मंद होण्यात काही खोट नाही.

खोट नियमात आहे. रेषा पट्ट्याच्या मधोमध, समजा ५०२.५० ला, येऊन थांबली. आता वरचे दहा क्लोज एकेक करून त्या रेषेशी ताडून बघा. सुहास, हे तुम्हीच करा, उत्तर डोळ्यांसमोर येईल.

जालना_सुहास

ताई, केलं. ५०० ला भाव खाली होता. ५०६ वर, ४९९ खाली, ५०५ वर, ४९८ खाली, ५०३ वर, ५०९ ला वरच राहिला, ५०२ खाली, ५०७ वर, ५०० खाली, ५०३ वर. दहा दिवसांत नऊ वेळा रेषा ओलांडली.

म्हणजे रेषा जितकी स्थिर, तितका भाव तिला जास्त वेळा कापणार? मग स्लो ५० केल्यावर तर काहीच फरक पडायचा नाही.

गोदातीर_नांदेड

बरोबर. पट्ट्यात भाव फिरत असताना मधोमध उभी राहिलेली कुठलीही रेषा तो कापतच राहणार. वेगवान सरासरी निदान भावामागे थोडी वर-खाली जाते, ही जागा सोडत नाही. कामा मंद होते तेव्हा ती सांगते की ‘मला दिशा दिसत नाही’. हे सांगणं रेषेच्या उतारात असतं, भावाने रेषा कापण्यात नसतं. पेरी कॉफमन यांनी स्वतः दिलेली पद्धतसुद्धा रेषेच्या वळण्यावर आहे: कामा तिच्या अलीकडच्या तळापासून ठराविक अंतरापेक्षा जास्त वर आली तर घ्यायचं, अलीकडच्या माथ्यापासून तेवढीच खाली आली तर विकायचं. त्या अंतराला ते फिल्टर म्हणतात.

तुमच्या दहा दिवसांत रेषा रोज काही पैसेच हलली असती. फिल्टर समजा एक रुपया धरला असता तर सिग्नल शून्य.

औसा_शेतकरी

राम राम. मला शेअरमधलं काही कळत नाही. पोराने हा धागा दाखवला. आमच्याकडं सोयाबीन घरात पडून आहे. लातूर बाजार समितीचा भाव रोज वर-खाली व्हायलाय, कधी शंभराने चढतो, दुसऱ्या दिवशी ऐंशीने उतरतो. ही जी आळशी रेषा तुम्ही सांगायलात, ती लावली तर माल कधी काढावा हे कळेल का? पोराने बाजार समितीच्या भावांचा तक्ता उतरवून ठेवलाय.

परळी_विजय

काका, सोयाबीनचा वायदा डिसेंबर २०२१ मध्येच सेबीने बंद केला. चार्ट कुठून आणणार? हे इंडिकेटर चार्टवर चालतं.

ताई, तुमचं गणित पटलं. पण मग साधा उपाय सांगतो. ईआर स्वतःच चार्टखाली लावायचा. तो ०.३० च्या वर असेल तेव्हा ट्रेंड आहे असं समजून कामाचे सिग्नल घ्यायचे, खाली असेल तेव्हा हात लावायचा नाही. मी तसंच करायलोय. माझ्या ओळखीचे बरेच जण हाच आकडा वापरतात.

गोदातीर_नांदेड

विजय, ०.३० या आकड्याबद्दल मला सांगायचंच होतं. मी वर्गात मुलांकडून एक गोष्ट करून घेते, तुम्हीही एक्सेलमध्ये करून बघा. कसलीही दिशा नसलेली मालिका तयार करा. रोजची हालचाल पूर्ण यादृच्छिक, घंटेच्या आकाराच्या वितरणातून घेतलेली. तिचा १० दिवसांचा ईआर काढा आणि बऱ्याच दिवसांची सरासरी घ्या. ती ०.३२ च्या आसपास येते. नाणं उडवून दर वेळी एक रुपया वर किंवा एक रुपया खाली केलं तर ०.२५ च्या जवळ. भावात दिशा अजिबात नसतानाही ईआर शून्य येत नाही, कारण दहा पावलं टाकून माणूस दर वेळी नेमका सुरुवातीच्याच जागी येत नाही.

म्हणजे ०.३० च्या वर ईआर ही दिशेची खूण नव्हे. निव्वळ योगायोगानेही तो निम्म्याच्या जवळपास दिवशी तिथे पोचतो. सुहास यांच्या पट्ट्यातला ०.०५ हा आकडा उलट एक विशेष गोष्ट सांगतो. हा बाजार दिशाहीन आहे आणि त्यावर भाव परतून परतून मध्याकडे येतोय. हा खरा आडवा बाजार.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. ईआरचा काळ वाढवला की हा योगायोगाचा आकडा खाली येतो, काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १० दिवसांना ०.३२, तर ३० दिवसांना ०.१८. आता हे आकडे वेगाच्या सूत्रात घाला. ०.३२ ला कामा साधारण ३० दिवसांच्या ईएमएसारखी चालते. ०.१८ ला ती ६६ दिवसांच्या ईएमएसारखी चालते. फास्ट-स्लोला हात न लावता फक्त पहिला आकडा १० चा ३० केला, तरी सगळी रेषा दुपटीहून जास्त मंद होते. ‘मी फक्त मोजण्याचा काळ बदलला’ असं वाटतं, पण वेगही बदललेला असतो.

बीड_कोड

ताईंच्या या शेवटच्या मुद्द्यावरूनच सुहासभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. पायथनमध्ये बरेच जण टीए-लिब वापरतात. त्यात कामाला काळ दिला नाही तर तो आपोआप ३० धरला जातो, आणि फास्ट-स्लो २ आणि ३० हे आतच पक्के आहेत. चार्टवर बहुधा १० असतो. दोन्हींचं नाव कामाच, पण रेषा वेगळ्या. आधी हे तपासा.

तुम्ही एक्सेलमध्ये १० च धरलाय असं समजू. मग दुसरं कारण सुरुवात. कामा कालच्या कामावर उभी असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काय धरलं हे महत्त्वाचं. साध्या ईएमएत ती सुरुवात काही आठवड्यांत विरून जाते. इथे तसं नाही. तुमचा डेटा जर आडव्या पट्ट्यातच सुरू होत असेल तर वेग ०.००९. सुरुवातीला रेषा ३ रुपये चुकीच्या जागी ठेवली तर ३० दिवसांनंतरही त्यातले सव्वादोन रुपये शिल्लक असतात. तुमचा दीड-दोन रुपयांचा फरक मला तरी हाच वाटतो. डेटा निदान एक-दोन वर्षं मागून घ्या, म्हणजे मध्ये एखादी मोठी चाल येते आणि दोन्ही रेषा एकमेकींत मिसळतात. ट्रेंडमध्ये चार-पाच दिवसांत फरक गायब होतो.

एक्सेलसाठी असं. क्लोज B2 पासून खाली, ईआर C मध्ये, वेग D मध्ये, कामा E मध्ये. E11 मध्ये नुसतं `=B11` लिहा आणि बाराव्या ओळीपासून हे:

```
C12: =IF(SUMPRODUCT(ABS(B3:B12-B2:B11))=0,0,ABS(B12-B2)/SUMPRODUCT(ABS(B3:B12-B2:B11)))
D12: =(C12*(2/3-2/31)+2/31)^2
E12: =E11+D12*(B12-E11)
```

त्या IF चं कारण औशाच्या काकांसाठी सांगतो. दहा दिवस भाव जरासुद्धा हलला नाही तर वर शून्य, खालीही शून्य. भागाकार होत नाही, एरर येतो. साध्या सरासरीत एरर सरासरीच्या दिवसांइतक्या ओळींपुरताच राहतो. कामात आजचा आकडा कालच्यावर अवलंबून असतो, म्हणून एकदा एरर आला की खालच्या सगळ्या ओळी खराब होतात. शेअरमध्ये असं फारसं घडत नाही. बाजार समितीच्या तक्त्यात सहज घडतं, कारण बंद काळात लोक आदलाच भाव खाली ओढत नेतात.

अशा ठिकाणी ईआर ० धरायचा की १, यावर मात्र एकमत नाही. काही लायब्ररी १ धरतात, मग रेषा धावत भावाजवळ जाते. मी ० धरतो, रेषा जागेवर राहते. माझ्या मते भाव हलला नाही म्हणजे माहिती आली नाही, तेव्हा रेषेनेही हलू नये.

औसा_शेतकरी

पोराने हे सगळं भरलं. तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव आहेत. त्याने सर्वसाधारण घेतला. रेषा निघाली. दिवाळीनंतर रेषा चांगलीच वर चढताना दिसली. म्हणजे भाव वाढणार असं धरायचं का?

गंजगोलाई_अडत

काका, मी लातूरला अडत दुकानात हिशेब बघते. रोज माल बघून हे भाव लागताना पाहते, म्हणून सांगते. दिवाळीच्या आसपास नवा माल येतो तो ओला असतो. ओलाव्याप्रमाणे भाव कापला जातो. पुढच्या काही आठवड्यांत माल वाळत जातो, ओलावा कमी होतो, आणि सर्वसाधारण भाव रोज थोडा थोडा वर सरकतो. खरेदीदाराची मागणी तीच, कोरड्या मालाचा भाव तोच, तरी तक्त्यातला आकडा वाढत राहतो.

ताई सांगतात त्या ईआरला हे कसं दिसेल? रोज एकाच दिशेने लहान लहान पावलं. म्हणजे ईआर मोठा, रेषा वेगात. त्याला वाटेल जोरदार तेजी आहे, आणि प्रत्यक्षात फक्त माल वाळलाय. तुम्ही घरातला वाळलेला माल घेऊन आलात तर तुम्हाला वाढीव काहीच मिळणार नाही, कारण तुमचा माल पहिल्या दिवसापासूनच कोरडा होता.

लावायचीच असेल तर तीन भावांतला कमाल भाव घ्या. तो बहुतेक दिवशी चांगल्या कोरड्या मालाचा असतो. तोही पक्का नाही. एखाद्या दिवशी बियाण्याच्या प्रतीचा चार पोत्यांचा ढीग चढ्या भावाने जातो आणि कमाल भाव एका दिवसापुरता उडतो.

गोदातीर_नांदेड

हे मला माहीतच नव्हतं आणि फार उपयोगाचं आहे. चार पोत्यांचा भाव एका दिवसापुरता उडतो तेव्हा ईआरचं काय होतं तेही सांगते. भाव २०० ने वर गेला आणि दुसऱ्या दिवशी २०० ने खाली आला, तर जिथून जिथवर मोजतो ते अंतर तसंच राहतं, पण खालच्या बेरजेत ४०० वाढतात. पुढचे काही दिवस ईआर पडलेला राहतो. म्हणजे एका खोट्या आकड्यामुळे खरी चाल असतानाही रेषा आठवडाभर झोपते. असा दिवस तक्त्यात हाताने तपासायला हवा.

काका, आणि एक. कामा पुढचा भाव सांगत नाही. आतापर्यंतची चाल सरळ होती की वेडीवाकडी, एवढंच सांगते. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. बाजारातला भाव त्याच्या खाली असेल तर आधी हमीभाव केंद्राची नोंदणी बघा. ती या रेषेपेक्षा जास्त पैसे देईल.

औसा_शेतकरी

पटलं बाई. नोंदणी केलेली आहे, मेसेज यायचा आहे. पोराला कमाल भावाचा तक्ता भरायला सांगतो.

जालना_सुहास

बीडच्या भाऊ, एक वर्ष मागून डेटा घेतला. फरक तीन पैशांवर आला. खूप आभार.

पण ताई, आता एक नवी गोष्ट दिसायली. दुसऱ्या एका शेअरचा निकाल लागला आणि तो एका दिवसात ४० रुपये वर उघडला. त्यानंतर परत पट्टाच, रोज पाच-सहा रुपये इकडे-तिकडे. भाव आडवा असताना रेषा मात्र दहाएक दिवस चांगल्या वेगाने वर चढत राहिली आणि मग एका दिवशी अचानक थांबली. त्या दिवशी बाजारात काहीच घडलं नव्हतं.

गोदातीर_नांदेड

हा ईआरच्या खिडकीचा, म्हणजे मोजणीत धरलेल्या गेल्या दहा दिवसांचा दोष आहे. बाकीच्या नऊ दिवसांच्या हालचालींची बेरीज ५० धरा आणि त्यांतून भाव कुठेच सरकला नाही असं धरा. त्यात ४० ची एक उडी. ईआर ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४. वेग ०.११, साधारण १७ दिवसांच्या ईएमएएवढा. ती उडी खिडकीत आहे तोवर गणिताला हा आडवा बाजार दिसतच नाही, चाल दिसते. अकराव्या दिवशी उडी खिडकीबाहेर पडते, ईआर ०.०५ च्या आसपास कोसळतो आणि रेषा गोठते.

गोठते कुठे, हे बघण्यासारखं आहे. ०.११ च्या वेगाने दहा दिवसांत ती ४० पैकी साधारण साडेसत्तावीस रुपये चढलेली असते. साडेबारा रुपये राहिलेले असतात. म्हणजे ती पट्ट्याच्या मध्यावर नाही, पट्ट्याच्या खाली अडकते, आणि तिथेच बराच काळ राहते. भाव रेषा कापत नाही म्हणून या वेळी तुमच्या जुन्या नियमाने सिग्नल येणार नाहीत. हे बघून नियम सुधारला असं वाटू नये. रेषा निव्वळ योगायोगाने दूर थांबलीय.

ओळखायची खूण सोपी आहे. ईआर एका दिवसात एकदम पडला तर दहा-अकरा दिवस मागे जाऊन बघा, तिथे एखादी मोठी उडी सापडते.

परळी_विजय

ताई, ०.३० चं तुमचं गणित मी एक्सेलमध्ये करून बघितलं. ०.३१ आला. मान्य.

पण आता मला दुसरा प्रश्न पडलाय. आडवा बाजार संपून खरी चाल सुरू होते तेव्हा ही रेषा उशीर करते, असं मला नेहमी वाटतं. साध्या १० दिवसांच्या सरासरीने आत गेलेले मित्र माझ्याआधी आत असतात.

गोदातीर_नांदेड

वाटतं ते खरं आहे, आणि त्याचे आकडे निघतात. समजा भाव बरेच दिवस ५०० च्या आजूबाजूला रोज ६ रुपये वर-खाली होत होता. मग एके दिवशी सरळ निघाला, रोज ६ रुपये वर: ५०६, ५१२, ५१८, ५२४, ५३०. खिडकीतली एकूण बेरीज ६०च राहते. दहा दिवसांपूर्वीचा भाव सरासरीने ५०० धरला तर पहिल्या दिवशी सरळ अंतर ६, ईआर ०.१. दुसऱ्या दिवशी ०.२. पाचव्या दिवशी ०.५. जुना गोंधळ खिडकीतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि तोवर ईआर हळूहळूच चढतो. त्यात वर्ग आहे, म्हणून सुरुवातीचे दिवस आणखी मंद.

रेषा काय करते? ५०० वरून निघून पहिल्या दिवशी ५००.०९, मग ५००.५०, ५०१.५५, ५०३.६५, आणि पाचव्या दिवशी ५०७.१७. भाव ३० रुपये गेला, रेषा ७. त्याच दिवशी १० दिवसांची साधी सरासरी ५०९ च्या आसपास असते. तेव्हा पहिल्या आठवड्यात साधी सरासरी पुढे असते, हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. पुढे चाल सरळ राहिली तर सातव्या-आठव्या दिवसापासून कामा तिला मागे टाकते, कारण तिचा वेग वाढत जातो आणि साधीचा तोच राहतो.

ज्याच्या चाली चार-पाच दिवसांत संपतात अशा शेअरला मी कामा लावणार नाही. तिथे ती जागी होईपर्यंत चाल संपलेली असते.

बीड_कोड

फिल्टरबद्दल माझी एक शंका आहे, ती इथेच विचारतो. कॉफमन यांच्या पद्धतीत ते अंतर पक्के रुपये नसतं. कामाच्या रोजच्या बदलांचं प्रमाण विचलन काढायचं, गेल्या २० वगैरे दिवसांचं, आणि त्याचा ठराविक हिस्सा फिल्टर म्हणून घ्यायचा. मी ते कोडमध्ये घातलं. आडवा पट्टा २० दिवसांपेक्षा जास्त चालला की रेषेचे रोजचे बदलच काही पैशांचे होतात, म्हणून विचलनही पैशांत येतं, आणि फिल्टर दोन-तीन पैशांचा होतो. मग रेषा चार पैसे वळली तरी सिग्नल. आपण ज्या काळासाठी फिल्टर लावतोय त्याच काळात तो सगळ्यात कमजोर होतो.

गोदातीर_नांदेड

शंका रास्त आहे. दोन वाटा दिसतात. विचलनाचा काळ बराच लांब घ्यायचा, १०० दिवस वगैरे, म्हणजे त्यात आधीच्या चालीचे दिवसही येतात आणि फिल्टर इतका आक्रसत नाही. किंवा भावाच्या स्वतःच्या रोजच्या हालचालीचा काही हिस्सा किमान मर्यादा म्हणून ठेवायचा. सुहास यांच्या पट्ट्यात रोजची सरासरी हालचाल ५.९० होती. तिचा दहावा हिस्सा धरला तरी साठ पैसे होतात. मला दुसरी वाट जास्त पटते, कारण पट्ट्यात रेषा मंदावली तरी भावाची रोजची हालचाल मंदावत नाही.

परळी_विजय

पण ताई, मग चाल सुरू होताना आणखी उशीर नाही का होणार? तुमच्याच आकड्यांत रेषा तिसऱ्या दिवशी कुठे साठ पैशांच्या वर गेली. दोन दिवस तिथेच गेले, भाव तोवर १८ रुपये वर.

गोदातीर_नांदेड

हो, तेवढी किंमत द्यावी लागते. शंभर दिवसांच्या विचलनात हा उशीर कमी होतो की जास्त, हे शेअरच्या आधीच्या इतिहासावर ठरेल, इथे बसून सांगता येणार नाही. बीडचे भाऊ, तुमच्या कोडमध्ये दोन्ही प्रकार घालून एकाच शेअरवर चालवाल का? निकालाच्या उड्यांचे दिवस वेगळे काढून. उड्या आत राहिल्या तर विचलन फुगेल आणि तुलना खोटी ठरेल.

बीड_कोड

चालवतो. सुहासभाऊ, तो पट्ट्यातला शेअर आणि उडीवाला, दोघांचा दोन-दोन वर्षांचा क्लोजचा तक्ता पाठवा. बोनस किंवा विभाजन झालं असेल तर भाव त्याप्रमाणे दुरुस्त केलेले असू द्या, नाहीतर विभाजनाच्या दिवशी ईआर उगाच उडेल.

जालना_सुहास

उडीवाल्याचं विभाजन झालेलं आहे. दुरुस्त भाव काढून संध्याकाळी टाकतो.